आमच्या ६३ च्या डीपीचा पंचनामा

मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला आमची वस्ती आहे. ऊस जास्त, थोडी द्राक्षं, बाकी मका-ज्वारी ज्याच्या त्याच्या सोयीनं. सगळ्यांच्या मोटारी एकाच ६३ केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर आहेत आणि ही डीपी रब्बीपासनं सारखी जळत होती, म्हणजे जळाली, बदलून आणली, आठवडा व्हायच्या आत परत जळाली असं सुद्धा झालं. शेवटी ती टिकली कशी ते सविस्तर लिहितोय, कारण प्रत्येक गावात हेच चालू आहे आणि पारावर बसलं की एकच वाक्य ऐकू येतं, रिपेअरचा भंगार ट्रान्सफॉर्मर गळ्यात मारला. असेलही काही ठिकाणी, पण आमच्याकडं चांगला आणला असता तरी तो जळालाच असता, आणि हे मी नुसतं बोलत नाही, मोजून सांगतोय.

पहिली जळाली ती जानेवारीत, रात्रपाळीचं थ्री फेज होतं. लाईट आली की ऑटो स्विचनं सगळ्या मोटारी एकदम उठतात, त्या रात्रीपण उठल्या, थोडा वेळ चालल्या आणि डीपीकडनं धप्प आवाज आला. डीओचे, म्हणजे वरच्या ११ केव्हीच्या बाजूचे, दोन फ्यूज लोंबकळत होते, झाकणाच्या कडेनं तेल बाहेर आलेलं आणि जळका वास पार रस्त्यापर्यंत. सकाळी वायरमननं शटडाऊन घेऊन मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावलं, एचटी म्हणजे ११ केव्हीची बाजू, ती ते बॉडी काटा झिरोवर, विषय संपला. मग तक्रार नंबर, फेल रिपोर्ट, जुन्या थकबाकीवरनं घासाघीस, वर्गणी, आमचाच ट्रॅक्टर आणि आमचीच चेन-कप्पी. नियमात ग्रामीण भागाला ४८ तास आहेत, आम्हाला त्याच्यापेक्षा बरंच जास्त लागलं. ह्या भागावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना तोंडपाठ आहे.

दुसरी बसवली ती पण गेली. ऑफिसमधनं उत्तर आलं "लोड कमी करा". आता लोड कमी करा म्हणजे कोणी करायचं? बैठक घेतली तर जो तो म्हणतोय माझी पाचचीच आहे, तात्यांची बघा, तात्या म्हणतात माझं सोडा, खालच्या बाजूला तारेवर चोरून टाकलेले आकडे बघा. भांडणं व्हायची वेळ आली. तेव्हा शेजारच्या वस्तीवरचे अण्णा, जे वायरमन म्हणून रिटायर झालेत, ते म्हणाले, "आधी भांडू नका रं, जळालेली उघडताना बघून येऊ, तीच सांगल कशानं गेली." आम्हाला हे डोक्यातच नव्हतं, जळालेली डीपी म्हणजे ट्रॉलीत टाकून परत द्यायची वस्तू एवढंच माहीत.

अण्णांच्या ओळखीनं रिपेअरवाल्याच्या शेडात गेलो. झाकण काढून कोअर-कॉइल चेन-कप्पीनं वर उचलली. आत कोअरचे तीन खांब असतात, त्यांना लिंब म्हणतात, प्रत्येक फेजचा एक, आतल्या बाजूला एलटीची, म्हणजे मोटारीकडच्या कमी व्होल्टेजची जाड कॉइल आणि तिच्यावर एचटीची बारीक तारेची. आमच्यात आर आणि वाय फेजच्या कॉइलचा कागद तपकिरी पडलेला पण जागेवर होता. बी फेजचा मात्र कोळसा, नुसतं बोट लावलं तर भाजलेल्या पापडासारखा चुरा होत होता. रिपेअरवाला म्हणाला, तिन्ही कॉइल सारख्या तपकिरी असतील तर सगळीकडनं ओव्हरलोड होता असं समजायचं. एकाच लिंबवर जास्त जळालं असेल तर त्या फेजवर लोड जास्त होता नाहीतर त्या फेजवर एलटीला शॉर्ट बसत होता. विजेनं गेली असेल तर एचटी कॉइलच्या टोकाच्या वेढ्यांना फुटल्यासारखं भोक दिसतं आणि बाकीचा कागद चांगला असतो. आणि पाणी शिरलं असेल तर टाकीच्या तळाला थेंब आणि कोअरवर गंज सापडतो.

दुसरी गोष्ट त्यानं टाकीच्या आतल्या भिंतीवर दाखवली. तेल जिथपर्यंत असायचं तिथं काळपट रेघ उमटते आणि आमची रेघ कुलिंगच्या पाइपाचं वरचं तोंड जिथं टाकीला मिळतं त्याच्याखाली होती. आता हे नीट समजून घ्या, कारण मला स्वतःला हे वाटत नव्हतं एवढं महत्त्वाचं असेल. तेल दोन कामं करतं, एक इन्सुलेशनचं आणि दुसरं गरमी बाहेर न्यायचं. कॉइलजवळ तापलेलं तेल वर चढतं, वरच्या तोंडातनं पाइपात जातं, पाइपात गार होऊन खाली उतरतं आणि खालनं परत टाकीत येतं. तेलाची लेव्हल वरच्या तोंडाच्या खाली गेली की हा फेराच बंद होतो. टाकीत तेल भरपूर दिसतंय, पण पाइप नुसते शोभेला, गरमी आतल्या आत साठत जाते. म्हणजे चार बोटं तेल कमी म्हणजे चार बोटं गारवा कमी असा हिशोब नाही, तिथनं पुढं जवळपास सगळाच गारवा गेला.

तिथनं परत आलो तेव्हा दोन प्रश्न घेऊन आलो, बी फेजवर एवढं काय आहे आणि तेल गेलं कुठं.

आधी लोड. अण्णांनी वहीत दोन रकाने पाडले, एक मंजूर एचपी आणि एक खरी एचपी. मंजूर कनेक्शन दहा, त्यात तीनच्या चार, पाचच्या पाच आणि साडेसातची एक, बेरीज साडेचव्वेचाळीस एचपी. खरी बघायला अण्णा आणि मी प्रत्येकाच्या विहिरीवर गेलो. नेमप्लेटवर विश्वास नाही ठेवायचा, रिवायंडिंगवाला तीनच्या बॉडीत पाचची तार भरून देतो आणि प्लेट तीच राहते, म्हणून स्टार्टरवर तारेभोवती धरून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावूनच बघितलं. तीनच्या चारपैकी तीन मोटारी पाचच्या निघाल्या, पाचच्या पाचपैकी तीन साडेसातच्या झालेल्या, साडेसातची दहाची झालेली. कारण साधं आहे, पाणी खोल गेलं, बोअर घेतले, लहान मोटार वर पाणी टाकंना. बेरीज गेली साडेसाठ एचपीवर. वर आकड्यावरच्या पाच-पाचच्या तीन मोटारी. एकूण साडेपंच्याहत्तर.

आता ६३ केव्हीएची डीपी किती पेलती? ६३,००० ला १.७३२ आणि ४३३ नं भागा, एका फेजला ८४ अँपिअर येतात. थ्री फेजच्या शेतीपंपाला अंदाजे एका एचपीला दीड अँपिअर धरायचे, म्हणजे साधारण ५६ एचपीवर डीपी फुल्ल झाली. कागदावर साडेचव्वेचाळीस म्हणजे झ्याक आहे, ऑफिसच्या रजिस्टरला ही डीपी कधीच ओव्हरलोड दिसणार नाही. आणि प्रत्यक्षात साडेपंच्याहत्तर गुणिले दीड, म्हणजे ११३ अँपिअर.

तिसरी डीपी यायच्या आधी ओव्हरलोडचा आकडा खरा का खोटा ते बघायला पाहिजे होतं, पण डीपी नसताना मोजणार काय. म्हणून तिसरी आली तेव्हा वायरमनला विनंती केली की भाऊ, पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या मोटारी थोडाच वेळ चालवू, तू एलटीच्या केबलवर क्लॅम्प लाव. तो तयार झाला कारण त्यालापण परत परत पोलवर चढायचा कंटाळा आला होता. रीडिंग आलं आर १०८, वाय ११२, बी १३१, आणि न्यूट्रलमधनं २१. रीडिंग झाल्याबरोबर निम्म्या मोटारी बंद केल्या.

बी फेजवर १३१ म्हणजे ८४ च्या दीडपटीपेक्षा जास्त. इथं लोकांची समजूत चुकती, दीडपट लोड म्हणजे दीडपट गरमी असं वाटतं. कॉइलमधली गरमी करंटच्या वर्गानं वाढते. १३१ भागिले ८४ म्हणजे १.५६, त्याचा वर्ग २.४३, म्हणजे बी फेजच्या कॉइलमध्ये फुल लोडच्या जवळपास अडीचपट गरमी तयार होत होती आणि आर फेजला १.६५ पट. दोन्ही जास्तच, पण कोळसा बी चाच का झाला ते इथं कळलं. आणि हे जानेवारी-फेब्रुवारीतलं गणित आहे. आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ डिग्री असतं तेव्हा तेल आधीच तापलेलं असतं, त्यात ही भर.

बी वर जास्तीचे २०-२२ अँपिअर कशाचे तर घरांचे. वस्तीवरची आठ घरं, त्यातल्या दोघांच्या सिंगल फेजच्या पाण्याच्या मोटारी, एकाचं कडबाकुट्टी मशीन, सगळं एकाच फेजला. का, तर त्या बाजूच्या पोलवर चढल्यावर बी ची तार हाताला जवळ येते, जो कनेक्शन जोडायला गेला त्यानं तिथंच जोडलं. वायरमननं अर्ध्या दिवसात तीन घरं आर वर, तीन वाय वर टाकली, दोन आणि कडबाकुट्टी बी वर ठेवली. खर्च शून्य. न्यूट्रलचं रीडिंग २१ वरनं पाच-सहावर आलं. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी भांडणाचं काम हेच होतं आणि मला अजून कळत नाही की हे डीपी बसवतानाच का करत नाहीत.

आकडे टाकणाऱ्यांचं मात्र भांडणाशिवाय मिटलं नाही. एकानं "मागेल त्याला सौर कृषिपंप" मध्ये अर्ज केला, १० टक्के हिस्सा भरला आणि तोपर्यंत शेजाऱ्याच्या विहिरीवरनं पाणी घेतो म्हणाला. एकानं बऱ्याच शिव्या देऊन काढला. एक अजून आहे, तो आमच्या भावकीतला आहे म्हणून जास्त लिहीत नाही.

मोठ्या मोटारी परत लहान करा असं कोणाला सांगणार, पाणीच खोल आहे. म्हणून दोन गोष्टी केल्या. एक कपॅसिटर. पाचच्या मोटारीला २ केव्हीएआरचा, साडेसातला ३ चा. बापूंच्या पाचच्या मोटारीवर लावून सगळ्यांसमोर क्लॅम्प दाखवला, कपॅसिटरच्या आधीच्या वायरवर आठ अँपिअर होते ते पावणेसात झाले. मोटारीच्या वायरवर लावून बघितलं तर तिथं आठचे आठच. त्यामुळं लगेच एकजण म्हणालाच, "मग माझ्या मोटारीला काय फायदा?" मोटारीला थेट नाहीच, फायदा तुझ्या सर्व्हिस वायरला, लाईनला आणि डीपीला, आणि लाईनवर ओढ कमी झाल्यामुळं शेवटच्या पोलवर व्होल्टेज सुधारतं. आमच्याकडं डीपीवर ३९० आणि शेवटच्या विहिरीवर ३३० मिळत होते आणि व्होल्टेज पडलं की मोटार तेवढंच पाणी उचलायला जास्त अँपिअर ओढती, म्हणजे परत डीपीवरच बोजा. हे चक्र आहे, कुठनंतरी तोडायला लागतं. दुसरी गोष्ट पाळी. आठ तासाच्या थ्री फेजमध्ये एका वेळेला कोणत्या दोन मोटारी बंद ठेवायच्या ते ठरवलं आणि वहीत लिहून सही घेतली.

ऑटो स्विचवर सगळ्यात जास्त वाद झाला. रात्री दोनला लाईट आली तर उठून कोण जाणार, साप-विंचू-बिबट्या, खरंच आहे ते. पण थेट सुरू होणारी मोटार उठताना पाच-सहा पट करंट घेती, आणि तेरा मोटारी एका सेकंदात उठल्या की डीपीच्या कॉइलला जो हिसका बसतो त्यानं वेढे जागचे हलतात. एकदा हलले की कागद घासतो आणि पुढं कधीतरी तिथंच शॉर्ट होतो. त्यावर वायरमननं उपाय सांगितला की ऑटो काढत नसाल तर टायमरवाला घ्या, कोणाचा एक मिनिटाला, कोणाचा तीनला, कोणाचा पाचला. बहुतेकांनी केलं.

आणि याच हिसक्यातनं पुढचा घोटाळा तयार होतो जो मला सगळ्यात धोकादायक वाटतो. मोटारी एकदम उठल्या की डीपी बॉक्समधल्या किटकॅटचा, म्हणजे एलटीच्या बाजूचा फ्यूज उडतो, रात्री कोणीतरी वैतागून बरोबरच्या फ्यूज तारेच्या जागी ॲल्युमिनियमची जाड तार पिळून घालतं, आता तो फ्यूज कशानंच उडत नाही. मग वाऱ्यानं एलटीच्या दोन तारा एकमेकाला चिकटल्या, कुठं केबल फुटली, की तो शॉर्ट थेट डीपीच्या कॉइलवर. आमच्या डीपी बॉक्समध्ये तिन्ही किटकॅट असेच भरलेले होते. वर डीओमध्ये पण तीच गत, ६३ ला ११ केव्हीच्या बाजूला फुल लोडला फक्त ३.३ अँपिअर असतात आणि तिथं कोणीतरी एकावर एक तारा गुंडाळलेल्या. म्हणजे खालचं संरक्षण नाही, वरचं नाही, मधी डीपी एकटी उभी. वायरमननं सगळ्या बरोबर मापाच्या घातल्या आणि बॉक्सला कुलूप लावून चावी स्वतःकडं घेतली. डीओला बांबू लावणारी पोरं प्रत्येक गावात आहेत, ती थांबवा, ११ केव्ही आहे ते.

आता तेल. तेल गेलं कुठं हे बघायला नवीन डीपी बसवायच्या आधी जुन्या जागेवर जाऊन खाली बघितलं, माती काळी-चिकट होती आणि ती एलटी बुशिंगच्या बरोबर खाली. चोरी झाली असती तर खालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा किंवा तोडलेला मिळतो, एकदम रिकामी होते. आमची झिरपून गेली होती. केबलचा लग बुशिंगच्या रॉडला सैल होता, सैल जोड तापतो, रॉड तापला की बुशिंगचं रबराचं गॅसकेट कडक होऊन तडकतं आणि तिथनं तेल पाझरतं. आधी वरची कन्झर्वेटरची छोटी टाकी रिकामी होती आणि मग मोठ्या टाकीची लेव्हल उतरायला लागती. कन्झर्वेटरच्या काचेवर धूळ आणि तेलाचा थर बसलेला, कोणी पुसून बघणार तेव्हा कळणार. टाकीच्या अंगावर एका बाजूला धूळ चिकटून ओघळ दिसत असेल तर तिथं गळती आहेच, हे रस्त्यावरनं जाताना पण दिसतं.

ब्रीदर पण बघितला. डीपी तापली की आतलं तेल फुगतं आणि हवा बाहेर जाते, रात्री गार झाली की बाहेरची हवा आत ओढती, ती हवा ब्रीदरमधल्या सिलिका जेलमधनं जावी म्हणजे ओल बाहेरच राहते. जेल निळं असेल तर ठीक, गुलाबी झालं म्हणजे ओल पिऊन भरलं. आमच्या जुन्याचं जेल गुलाबी सोडा, मातकट पांढरं होतं आणि खालच्या वाटीतलं तेल संपलेलं. म्हणजे पावसाळाभर डीपी ओली हवा ओढत होती. तळाला पाणी सापडलं नाही हे आमचं नशीब, पण ओल तेलात मुरली की पाणी दिसत नाही आणि तेलाची ताकद मात्र कमी होते, ते फक्त बीडीव्ही टेस्टला, म्हणजे तेल किती व्होल्टेज सहन करतं ते बघतात त्या टेस्टला कळतं.

तिसरी घेताना म्हणून अण्णांनी शेडातच सगळं तपासून घ्यायला लावलं. मेगर, तेलाची लेव्हल, नवीन जेल, आणि एक सोपी टेस्ट जी मला फार आवडली, एचटीच्या बाजूला साधे ४१५ व्होल्ट द्यायचे आणि एलटीवर मोजायचे. ११,००० ला ४३३ म्हणजे २५.४ पट, म्हणून तिथं सोळा-सव्वासोळा व्होल्ट आले पाहिजेत आणि तिन्ही जोड्यांत सारखे. एका जोडीत कमी आले की त्या लिंबचे वेढे शॉर्ट आहेत, ती डीपी घ्यायचीच नाही. ट्रॉलीतनं खड्ड्यातनं हादरत आल्यावर लगेच चार्ज करायची नाही, तेल स्थिर होऊ द्यायचं, अडकलेली हवा काढायची, मग एलटीचे फ्यूज काढून नुसती चालू करून काही तास ठेवायची, आवाज एकसारखा आहे का ऐकायचा, व्होल्टेज बघायचं आणि मग एकेक मोटार. दुसऱ्या डीपीला आम्ही काय केलं होतं तर उतरवली, जोडली, चालू केली, सगळ्यांना पाण्याची घाई.

अर्थिंगचं काम सगळ्यात शेवटी केलं पण खरं ते आधी करायला पाहिजे असं अण्णा म्हणतात. डीपीला वेगवेगळे खड्डे लागतात, लाइटनिंग अरेस्टरचा वेगळा, न्यूट्रलचा वेगळा, बॉडी आणि स्ट्रक्चरचा वेगळा. आमच्याकडं वरनं तीन पट्ट्या खाली आलेल्या दिसत होत्या म्हणून सगळ्यांना वाटायचं अर्थिंग आहे. उकरलं तर अरेस्टरची पट्टी जमिनीच्या वीतभर खाली गंजून तुटलेली, कशालाच जोडलेली नाही. न्यूट्रलची पाइपाला होती पण क्लॅम्प गंजलेला. आमची काळी माती आहे, पावसाळ्यात ती पाइपाला घट्ट धरून असती आणि उन्हाळ्यात भेगा पडून पाइपापासनं सुटती, मधी बोट जाईल एवढी फट. लाईन बंद असताना पट्टी सोडवून अर्थ टेस्टरनं न्यूट्रलचं मोजलं, ३८ ओहम. पाचच्या आसपास पाहिजे.

३८ चा अर्थ असा. एखादी तार तुटून जमिनीवर पडली किंवा मोटारीच्या बॉडीत करंट उतरला तर तो करंट जमिनीतनं परत न्यूट्रलला यावा लागतो. २४० भागिले ३८ म्हणजे जास्तीत जास्त सहा अँपिअर, ह्यात फ्यूज कसला उडतोय, तार जिवंत पडून राहणार आणि बैल नाहीतर माणूस जाणार. पाच ओहमवरसुद्धा फ्यूज लगेच उडेलच असं नाही, पण तिथं चाळीस-पन्नासपर्यंत जाऊ शकतो, फरक पडतो. आणि अरेस्टरचं बघा, वळवाच्या पावसात लाईनवर वीज आली की अरेस्टरनं ती जमिनीत सोडायची असते. जमिनीत जायचा रस्ता खराब असेल आणि नुसता हजार अँपिअरचा झटका जरी धरला तरी ३८ ओहमवर ३८,००० व्होल्ट उभे राहतात, खरी वीज त्याच्या कितीतरी पट असती. आमची तर पट्टीच तुटलेली, म्हणजे अरेस्टर नुसता टांगलेला. एप्रिल-मेमध्ये पहिल्या वळवाला आजूबाजूच्या डीप्या एकाच रात्रीत का जातात ह्याचं अर्धं उत्तर तिथं आहे.

खड्डे आमच्या पोरांनी खणले, जीआय पाइप आणि पट्टी ऑफिसमधनं मिळवली, कोळसा-मिठाचे थर दिले, दोन खड्ड्यांत पाइपाच्या लांबीएवढं अंतर ठेवलं. न्यूट्रलचं रीडिंग सहावर आलं. आता ज्याची पाळी असेल त्यानं उन्हाळ्यात आठवड्याला प्रत्येक खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतायचं ठरलंय.

सगळं झाल्यावर वायरमननं परत क्लॅम्प लावला, आर ७८, वाय ८१, बी ७७. म्हणजे ८४ च्या आत, तिन्ही जवळजवळ सारखे. त्यानंतर दोन वळीव येऊन गेले, वरच्या अंगाची एक डीपी गेली, आमची आहे.

पण सगळं चांगलं चाललंय असंही नाही. एप्रिलमध्ये उसाला ताण बसायला लागला तसे पाळीचे नियम ढिले झाले, दोन कपॅसिटर फुगून गेले ते कोणी बदलले नाहीत, आणि रीडिंग ९० वर गेलं. ९० वर डीपी लगेच जळत नाही, पण दुपारी टाकीला हात लावला तर ठेववत नाही. रात्रपाळीला जमतं, दिवसपाळीला भीती वाटते. मूळ दुखणं हेच आहे की ६५ एचपीचं पाणी ५६ एचपीच्या डीपीवर ओढतोय, आणि ते कपॅसिटरनं आणि पाळीनं फक्त पुढं ढकललं जातं. म्हणून दुसऱ्या ६३ साठी अर्ज केलाय, त्याला वहीतली खऱ्या एचपीची यादी आणि तिन्ही फेजची रीडिंग जोडली. इथं परत एक गोची, खरी एचपी लिहून दिली की मंजूर भार वाढवून घ्या म्हणतात, आणि मोफत विजेची योजना साडेसात एचपीपर्यंतच असल्यामुळं दहावाला सही करायला तयार नाही. तात्यांनी शेवटी दहाची काढून चांगल्या कंपनीची साडेसातची टाकली आणि म्हणतात पाणी तेवढंच पडतंय. अर्ज ऑफिसमध्ये आहे, साहेब साईटवर येऊन गेले, एस्टिमेट झालंय म्हणतात. तोपर्यंत दर सोमवारी वायरमन येतो तेव्हा मी काच पुसून तेलाची लेव्हल आणि जेलचा रंग बघतो आणि तीन आकडे वहीत लिहितो.